सव्वा महिन्यानंतर विचारायचा एक प्रश्न: सार्वजनिक आरोग्य विभागास खुले पत्र

प्रति,
सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र शासन, मुंबई.

विषय: बाळंतपणानंतर खोकताना, शिंकताना किंवा हसताना लघवी सुटण्याच्या तक्रारीची आशांच्या गृहभेटींत विचारणा व्हावी आणि त्यावरचे व्यायाम नीट तपासून शिकवले जावेत, याबाबत.

महोदय / महोदया,

मी फिजिओथेरपिस्ट असून माझे बहुतेक काम बाळंतपणानंतरच्या तक्रारींचे आहे. माझ्याकडे लघवी सुटण्याच्या त्रासासाठी येणाऱ्या स्त्रियांना त्यांच्या धाकट्या मुलाचे वय विचारले की उत्तर सहसा सात वर्षे, दहा वर्षे, कधी कधी कॉलेजला जातो असे येते. आणि त्रास कधी सुरू झाला असे विचारले की ‘त्याच्याच बाळंतपणापासून’ असे सांगितले जाते. या मधल्या वर्षांत त्या मुलाच्या लसीकरणासाठी, तांबी बसवण्यासाठी, कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेसाठी आरोग्यव्यवस्थेच्या दारात अनेकदा येऊन गेलेल्या असतात. त्यांनी स्वतःहून सांगितले नाही, कारण बाळंतपणानंतर असे व्हायचेच अशी त्यांची समजूत होती, आणि व्यवस्थेनेही विचारले नाही. विचारण्याची जागा मात्र आपल्याच कार्यक्रमांत तयार आहे आणि ती फारसा खर्च न करता वापरता येईल, हे दाखवून देण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आधी हा त्रास नेमका कशाने होतो ते सांगते, कारण उपाय कोणता चालेल आणि कोणता चालणार नाही हे त्यावरच ठरते. माकडहाडापासून पुढे जांघेच्या मधल्या हाडापर्यंत स्नायूंचा एक झोळीसारखा थर असतो. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय या तिन्हींना तो खालून आधार देतो. आपण खोकतो तेव्हा पोटातला दाब एकदम वाढतो आणि मूत्राशयावर येतो. त्याच क्षणी हे स्नायू आपोआप आवळले जातात, मूत्रनलिका त्यांच्या आधारावर दाबली जाते आणि तिचे तोंड बंद राहते. गरोदरपणात या थरावर महिनोन्‌महिने वजन असते आणि बाळ बाहेर येताना तो कमालीचा ताणला जातो. कळा देण्याचा काळ लांबला, बाळ मोठे असले, चिमटा लावावा लागला किंवा खोलवर फाटले, तर स्नायू व त्यांना जाणारी नस यांना जास्त इजा पोहोचते. मग खोकल्याचा दाब आधी येतो आणि स्नायूंची पकड उशिरा येते किंवा अपुरी पडते, आणि तेवढ्यात थेंब सुटतो. सिझेरियनमध्ये हा धोका कमी होतो, पण गरोदरपणाचा ताण पडलेलाच असल्याने तो पूर्णपणे टळत नाही. निरनिराळ्या देशांतील अभ्यास एकत्र पाहिले तर बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत साधारणपणे तिघींपैकी एकीला लघवी सुटण्याचा काही ना काही त्रास होतो, आणि त्यात खोकल्या-शिंकल्यावर होणारा त्रास सर्वाधिक असतो. काही जणींचा तो आपोआप कमी होतो. पण तीन महिन्यांनंतरही जिचा टिकून आहे, तिचा पुढेही टिकण्याची शक्यता बरीच असते.

आता आपल्या गृहभेटींकडे येते. घरच्या घरी नवजात बालकाची काळजी या कार्यक्रमात आशा ताई दवाखान्यातील प्रसूतीनंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाते. त्यानंतर लहान बालकांच्या गृहभेटींचा दुसरा कार्यक्रम सुरू होतो आणि त्यात ती तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या व पंधराव्या महिन्यात पुन्हा त्याच घरी जाते. पहिल्या मालिकेत आईची विचारपूस असते, पण ती मुख्यतः रक्तस्राव, ताप आणि दुर्गंधीयुक्त स्राव यांची असते, आणि त्या दिवसांत ती तशीच असायला हवी. दुसऱ्या मालिकेत मात्र लक्ष जवळजवळ पूर्णपणे बाळावर जाते.

अडचण अशी की हा त्रास ज्या वेळी खऱ्या अर्थाने दिसू लागतो, ती वेळ बरोबर या दोन मालिकांच्या मधल्या फटीत पडते. आपल्याकडे सव्वा महिना बाळंतीण अंथरुणाला धरून असते. ती पाणी भरत नाही, शेतात जात नाही, एसटीत बसत नाही. बेचाळिसाव्या दिवशी कोणी विचारले तरी तिला सांगण्यासारखे फारसे घडलेले नसते. पुढच्या दोन महिन्यांत हंडा कमरेवर येतो, मोठे मूल कडेवर येते, निंदणी-खुरपणी सुरू होते, आणि तेव्हा तिला कळते की वजन उचलताना, शिंकताना, कोणी हसवले तरी कपडा ओला होतो. त्यात पहिले बाळंतपण बहुधा माहेरी झालेले असते. गृहभेटी माहेरच्या गावच्या आशा ताईने केलेल्या असतात आणि त्रास सुरू होतो तो सासरी, जिथली आशा ताई तिला अजून ओळखतही नाही. म्हणून माझी पहिली विनंती अशी की हा प्रश्न दोनदा विचारला जावा, बेचाळिसाव्या दिवशी आणि तिसऱ्या महिन्याच्या भेटीत. आणि त्याचे उत्तर माता-बाल संरक्षण कार्डावर नोंदवले जावे, कारण माहेरून सासरी जाताना बाळाच्या लसींसाठी ते कार्ड बाई हमखास सोबत नेते.

प्रश्न कसा विचारायचा हेही आदेशातच लिहून द्यावे, असे मी आग्रहाने सुचवते. ‘लघवीचा काही त्रास?’ असे विचारले की उत्तर ‘नाही’ असे येते, कारण बाईच्या मनात त्रास म्हणजे जळजळ किंवा अडकणे. ‘खोकताना, शिंकताना, हसताना किंवा वजन उचलताना लघवीचा थेंब सुटतो का?’ असे विचारले की तीच बाई थोडे थांबते आणि ‘होय’ म्हणते. हा प्रश्न सासू किंवा नवरा जवळ नसताना विचारला गेला पाहिजे. बाळाचे वजन घेण्याच्या निमित्ताने तेवढा एकांत आशा ताईला मिळवता येतो, असे त्यांच्याशी बोलताना मला अनेकदा जाणवले आहे.

दुसरी विनंती व्यायामाच्या शिकवण्याबद्दल आहे, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी चूक इथे होण्याची शक्यता आहे. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी 1948 साली या व्यायामांविषयी लिहिले, म्हणून त्यांना केगल व्यायाम म्हणतात आणि आज ते कोणत्याही फोनवर दिसतात. विभागाने एखादे पत्रक छापले किंवा चित्रफीत फिरवली तर काम झाले असे वाटू शकेल. पण हे स्नायू डोळ्यांना दिसत नाहीत आणि नुसते ऐकून ते नेमके सापडत नाहीत. 1991 साली अमेरिकेत 47 स्त्रियांना तोंडी सूचना देऊन लगेच त्यांची तपासणी केली गेली. जेमतेम निम्म्या जणींना स्नायू बरोबर आवळता आले, आणि साधारण चौघींमागे एक जण अशा रीतीने करत होती की त्याने त्रास वाढण्याचीच शक्यता होती, म्हणजे वर ओढण्याऐवजी शौचाला जोर करावा तसा खाली जोर देत होती. माझ्या कामातला अनुभव याहून फार वेगळा नाही. त्यामुळे शिकवल्यानंतर तपासणे हा शिकवण्याचाच भाग मानला पाहिजे.

योग्य कृती अशी. बाईने पाठीवर किंवा कुशीवर झोपावे, गुडघे दुमडावेत. गुदद्वारातून सुटू पाहणारा वारा धरून ठेवावा आणि त्याच वेळी लघवीची धारही अडवावी, अशा बेताने खालची जागा आवळून आत आणि वर ओढावी. श्वास चालू राहिला पाहिजे. आवळताना श्वास सोडावा म्हणजे पोट फुगत नाही. मांड्या, कुल्ले आणि पोटाचे वरचे स्नायू सैल असावेत. जितके सेकंद धरता येईल तितके धरावे, मग तितकाच वेळ पूर्ण सैल सोडावे. सैल सोडणे हेही आवळण्याइतकेच महत्त्वाचे आहे, कारण सतत ताठ राहिलेला स्नायू गरजेच्या क्षणी आणखी आवळू शकत नाही. तपासण्यासाठी आतून हात लावण्याची गरज आशा ताईला नाही. बाईने स्वतःचा हात कपड्यावरून दोन्ही मांड्यांच्या मधल्या जागेवर ठेवावा आणि आवळावे. जागा हातापासून आत सरकली तर बरोबर, हातावर बाहेर ढकलली गेली तर चूक. चूक होत असेल आणि दोन-तीनदा सांगूनही सुधारत नसेल, तर व्यायाम तिथेच थांबवून तिला फिजिओथेरपिस्टकडे पाठवावे. लघवी करताना मध्येच धार अडवून पाहणे हा व्यायाम म्हणून सांगितला जातो, तो सांगू नये. रोज तसे केल्याने मूत्राशय नीट रिकामे न होण्याची सवय लागू शकते.

हे केव्हा सुरू करावे, असे नेहमी विचारले जाते. लघवीची नळी काढल्यानंतर, दुखणे सोसवेल इतके कमी झाले की हलके आवळणे पहिल्या आठवड्यातही सुरू करता येते. साध्या टाक्यांना त्याने धोका नसतो. पण गुदद्वारापर्यंत फाटून टाके पडले असतील तर आधी डॉक्टरांना विचारावे. त्रास असणाऱ्या स्त्रियांसाठी ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये किमान तीन महिने, दिवसातून तीनदा, प्रत्येक वेळी किमान आठ वेळा आवळणे, तेही प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली, असे प्रमाण दिले आहे. पहिल्या पंधरवड्यात फरक न दिसल्याने अनेक जणी सोडून देतात. स्नायूची ताकद वाढायला लागणारा काळ त्यांना आधीच सांगितलेला नसतो.

हे प्रत्यक्षात कसे उलगडते ते एका बाईच्या उदाहरणावरून सांगते. तिची ओळख पटेल असे काही लिहिलेले नाही. वय सत्तावीस, दुसरे बाळंतपण, बाळ साडेतीन किलोचे, कळा देण्यात बराच वेळ गेला आणि टाके पडले. पाचव्या महिन्यात ती कापूस वेचायला जाऊ लागली तेव्हा ओझे डोक्यावर घेताना आणि शिंकताना लघवी सुटू लागली. तिने एक घडी कापड लावायला सुरुवात केली, गावातल्या पारायणाला बसणे सोडले आणि कामाच्या दिवशी दुपारपर्यंत पाणी पिणेच बंद केले. फोनवर बघून ती महिनाभर व्यायामही करत होती. तपासताना मी तिला आवळायला सांगितले, तेव्हा तिने श्वास रोखला, पोट फुगले आणि खालची जागा बाहेर आली. म्हणजे महिनाभर ती दिवसातून अनेकदा त्याच कमकुवत थरावर जोर देत होती.

पहिली भेट जवळजवळ पूर्ण एवढ्यातच गेली की श्वास सोडत आत ओढणे तिला स्वतःच्या हाताला कळावे. ते जमल्यावर तिला तीन सेकंद धरता येत होते आणि पाचव्या वेळी स्नायू थकत होता. म्हणून तिला तेवढेच दिले: तीन सेकंद, पाच वेळा, दिवसातून तीनदा, कुशीवर झोपून बाळाला पाजताना, म्हणजे वेगळी वेळ काढावी लागू नये. दोन आठवड्यांनी पाच सेकंद आणि बसून. पुढे उभे राहून. आणि सोबत झटकन आवळून झटकन सोडणे, कारण शिंक येते तेव्हा तीन सेकंद सावकाश आवळायला वेळ नसतो. मग तिला शिंकेच्या किंवा ओझे उचलण्याच्या क्षणभर आधी आवळून धरायला शिकवले. या युक्तीने खोकल्यावर सुटणारी लघवी आठवड्याभरात कमी होऊ शकते, हे 1998 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात वयस्क स्त्रियांमध्ये दिसले होते. हिच्या बाबतीतही पहिला बदल तोच होता; सहाव्या आठवड्याच्या सुमारास एक-दोन शिंका कोरड्या जाऊ लागल्या. तीन महिन्यांनी ती आठ सेकंद, आठ वेळा धरू शकत होती, कापड लावणे बंद झाले होते, आणि लघवी सुटली तर ती फक्त सर्दीत खोकल्याची उबळ थांबत नसे तेव्हा, तीही थेंबभर. पूर्ण बरी झाली असे मी लिहिणार नाही. पण ती पुन्हा पोटभर पाणी पिऊन कामाला जाते. तिला या काळात मोजक्या भेटी लागल्या, आणि पहिली भेट सोडली तर बाकीचे काम चांगली प्रशिक्षित समुदाय आरोग्य अधिकारी उपकेंद्रात करू शकली असती.

व्यायाम सर्व प्रकारच्या गळतीवर चालत नाही, आणि आशा ताईला हा फरक ओळखता आला पाहिजे. खोकला-शिंक काही नसताना दिवसरात्र सतत लघवी झिरपत असेल, विशेषतः कळा फार लांबलेल्या प्रसूतीनंतर, तर मूत्राशय आणि योनी यांच्यात छिद्र पडल्याची शंका घेऊन तातडीने स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवले पाहिजे. लघवीला जळजळ, ताप किंवा रक्त असेल तर आधी लघवीची तपासणी व्हावी. जोर करूनही लघवी नीट होत नसेल आणि थोडी थोडी सांडत असेल, तर मूत्राशय भरून वाहत असण्याची शक्यता असते. अंग बाहेर येत असेल किंवा शौचही आवरत नसेल, तर तिला नुसता व्यायाम सांगून घरी ठेवू नये. आणि एकदम जोराची लागून न्हाणीघरापर्यंत पोहोचेपर्यंत सुटत असेल, तर तो प्रकार वेगळा आहे. त्यात या व्यायामांसोबत लघवीच्या वेळा हळूहळू लांबवण्याचे प्रशिक्षण द्यावे लागते.

या प्रश्नाबरोबरच काही चुकीचे सल्ले थांबवणेही विभागाच्या हातात आहे. पाणी कमी पिण्याचा सल्ला त्यांत पहिला. त्याने लघवी तीव्र होते, संसर्ग आणि बद्धकोष्ठता होते, आणि शौचाला रोज जोर केल्याने तळाचे तेच स्नायू आणखी ताणले जातात. शिवाय ही बाई बाळाला अंगावर पाजत असते. दुसरा सल्ला त्याहून गंभीर आहे. लघवी सुटते म्हणून ‘पिशवी काढून टाका’ असे सांगितलेल्या स्त्रिया माझ्याकडे आल्या आहेत. गर्भाशय काढल्याने खोकताना सुटणारी लघवी थांबत नाही, कारण दोष गर्भाशयात नसतोच, आणि पुढे त्रास होण्याची शक्यता वाढू शकते. हे वाक्य विभागाच्या प्रशिक्षण साहित्यात स्पष्ट शब्दांत असावे, असे मला फार मनापासून वाटते. मूत्राशय शांत करणाऱ्या गोळ्या वारंवार लागण्याच्या त्रासासाठी असतात. खोकताना सुटणाऱ्या लघवीवर त्या उपयोगी पडत नाहीत. तीन महिने नीट देखरेखीखाली व्यायाम करूनही जिचा त्रास उरतो, तिच्यासाठी मूत्रनलिकेला आधार देणाऱ्या शस्त्रक्रिया आहेत. पण त्या शक्यतो पुढे मूल नको हे ठरल्यावर करतात, आणि ती वेळ येण्याआधी व्यायामाची संधी मिळणे हा तिचा हक्क आहे. पोट घट्ट बांधण्याबद्दलही विचारले जाते. कंबरेला त्याने बरे वाटत असेल तर सैलसर बांधायला हरकत नाही, पण तळाच्या स्नायूंना त्याने ताकद येत नाही आणि करकचून बांधल्यास दाब खालीच जातो.

फ्रान्समध्ये बाळंतपणानंतर या स्नायूंच्या प्रशिक्षणाच्या बैठकांचा खर्च सार्वजनिक आरोग्य विमा उचलतो. आपल्याकडे तितके उद्याच व्हावे अशी माझी मागणी नाही. मागणी इतकीच आहे: बेचाळिसाव्या दिवशी आणि तिसऱ्या महिन्यात वर दिलेला प्रश्न, कार्डावर त्याच्या नोंदीसाठी एक ओळ, आशा, एएनएम आणि समुदाय आरोग्य अधिकारी यांच्या नेहमीच्या प्रशिक्षणात या विषयाचे एक सत्र, ज्यात प्रत्येकीला स्वतःच्या हाताने स्वतःची कृती तपासून पाहता येईल, कारण जिला स्वतःला जमले आहे तीच दुसरीला शिकवू शकते, आणि जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयांत फिजिओथेरपिस्ट असतील तिथे आठवड्यातून एक ठरावीक दिवस या स्त्रियांसाठी, पडदा असलेल्या खोलीत. तो दिवस लसीकरणाच्या दिवसाला जोडला तर बाईला घरी वेगळे कारण सांगावे लागणार नाही. आशा ताईंवर आधीच नोंदवह्यांचा मोठा भार आहे. त्यामुळे नवी नोंदवही वाढवू नये आणि या कामाचा मोबदला त्यांच्या भेटींच्या मोबदल्यात धरला जावा.

सुरुवातीला एकाच तालुक्यात सहा महिने करून पाहावे. किती जणींना विचारले, किती जणी ‘होय’ म्हणाल्या, त्यांपैकी किती जणींची कृती तपासली गेली आणि तीन महिन्यांनी किती जणींचे कापड सुटले, एवढ्या चार गोष्टी कार्डावरूनच मोजता येतील. अशा तालुक्याच्या प्रशिक्षणासाठी मी व माझ्या काही सहकारी विनामोबदला यायला तयार आहोत.

कळावे,

आपली विश्वासू,
बाळंतिणींसोबत काम करणारी एक फिजिओथेरपिस्ट